अक्षरी रुपये

काकूंनी चहाबरोबर घरच्या चकल्या ठेवल्या होत्या. काका अ‍ॅग्रीमेंटसाठी लागणाऱ्या कागदांची यादी घेऊन बसले होते. आमचे आधार आणि पॅन, दोन साक्षीदार, एकेक फोटो. यादी वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "तर मग सव्वीस पाचशे. एक तारखेला खात्यावर आले पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. जाहिरातीत 24,000 होते. "मेंटेनन्ससकट" हा शब्दही होता. फोनवर बोलणं झालं तेव्हाही चोवीसच होते. टोकनचे पाच हजार आम्ही त्याच आकड्यावर दिले होते.

"काका, चोवीस ना?" मी विचारलं.

"चोवीस भाडं. मेंटेनन्स अडीच हजार. तो कुठं जाणार?"

त्यांचा मुलगा शेजारच्या खुर्चीवर होता. तो म्हणाला, "तुम्हाला त्रास नको. अ‍ॅग्रीमेंटमध्ये चोवीसच लिहू, वरचे अडीच रोख देत जा."

तेवढ्यात काकूंनी माझ्या बशीत आणखी एक चकली ठेवली, आणि माझ्या तोंडून शब्द गेला, "बघतो आम्ही, कळवतो." ते हसले, आम्ही हसलो, चपला घालून खाली आलो. कोथरूडच्या त्या गल्लीतून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही.

भाड्याचं घर शोधताना शेवटची भेट ही सगळ्यात अवघड असते, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. तोवर तुम्ही पंधरा-वीस घरं पाहिलेली असतात. जुन्या घराला नोटीस दिलेली असते. मुलाच्या शाळेची बस नव्या पत्त्यावरून जाते का, हे विचारून झालेलं असतं, आणि कोणती खोली कुणाची हेसुद्धा मनात ठरलेलं असतं. समोर वडीलधारी माणसं असतात, त्यांच्याच घरात, त्यांच्याच सोफ्यावर तुम्ही बसलेले असता. अशा वेळी आकडा अडीच हजारांनी वर गेला तर जीभ उचलत नाही. यात भित्रेपणा नाही. ही भीड आहे, आणि आपल्याकडे ती लहानपणापासून अंगात मुरवलेली असते. मात्र समोरच्याला ती भीड होकारासारखी ऐकू येते. आमच्या "बघतो, कळवतो" चा अर्थ काकांनी "जमेल" असा घेतला असणार, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

म्हणून त्याच रात्री लिहायचं ठरवलं. दोन दिवस गेले असते तर आमचं गप्प राहणं पक्कं होत गेलं असतं.

लिहिण्याआधी जाहिरात पुन्हा उघडली. तिच्यात आता 26,500 दिसत होते. फोटो तेच, बाल्कनीतली तुळस तीच, "शाकाहारी कुटुंबास प्राधान्य" तेच, फक्त आकडा बदललेला आणि "मेंटेनन्ससकट" गेलेलं. माझ्या पोटात गोळा आला. मीच काही चुकीचं वाचलं होतं का, असं क्षणभर वाटलं. मग आठवलं, की घर पाहायला जाण्याच्या आदल्या रात्री मी नाशिकला आईला त्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट पाठवले होते. तिला स्वयंपाकघराचा ओटा पाहायचा होता. ओट्याच्या फोटोवर ठळक अक्षरांत तो आकडा होता, खाली मेंटेनन्सचा उल्लेख होता, आणि आईला पाठवल्याची तारीख-वेळ होती. नवऱ्याने टोकन यूपीआयने पाठवताना टिपणीत "टोकन, भाडे 24000" असं लिहिलं होतं. त्याला प्रत्येक व्यवहारावर काहीतरी लिहून ठेवायची सवय आहे. त्या रात्री त्या सवयीचे मी मनापासून आभार मानले.

माझी मावसबहीण वकिली करते. तिला फोन केला तेव्हा तिने पहिलं वाक्य बोलून माझी हवाच काढून घेतली. "जाहिरातीतला आकडा मालकाला बांधून ठेवत नाही." कराराच्या कायद्यात जाहिरात म्हणजे बोलणी करायला या, असं आमंत्रण असतं. दुकानाच्या काचेत लावलेल्या किमतीसारखंच. प्रस्ताव तुम्ही मांडता, तो समोरच्याने स्वीकारला की करार होतो. त्यामुळे "जाहिरातीत लिहिलंय, म्हणून तुम्हाला याच भाड्यात द्यावंच लागेल" असं लिहिलंस तर ते चूक ठरेल, आणि चुकीच्या मुद्द्यावर जोर दिलास की तुझे बरोबर मुद्देही हलके होतील.

"मग जाहिरातीचा उपयोग काय?"

"बोलणी कुठून सुरू झाली, ते ती सांगते. त्यानंतर फोनवर काय झालं ते लिही, टोकन कोणत्या आकड्यावर गेलं ते लिही. तीन गोष्टी ओळीने ठेवल्यास की माणसाला आपोआप दिसतं."

दुसरी गोष्ट तिने सांगितली ती मला माहीत नव्हती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग तो अकराच महिन्यांचा का असेना. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, मालकाने वेगळं सिद्ध केलं नाही तर. ऐकून मला एकदम बळ आलं. पण ती लगेच म्हणाली, "हे कलम राहायला गेल्यानंतरच्या भांडणासाठी आहे. तुझं भांडण होऊ नये म्हणून तू लिहिते आहेस. कलम मनात ठेव, संदेशात घालू नकोस."

पहिला मसुदा मी रागात लिहिला. त्यात "तुम्ही शब्द फिरवलात" असं होतं, आणि "वयाने मोठ्या माणसांकडून ही अपेक्षा नव्हती" असंही. नवऱ्याने वाचला आणि विचारलं, "हे वाचून काका काय करतील?" उत्तर मला ठाऊक होतं. ते मुलाला दाखवतील, मुलगा म्हणेल नकोच असले भाडेकरू, आणि भाड्याचा मुद्दा बाजूला पडून माणुसकीचा वाद सुरू होईल. शिवाय शब्द फिरवला असं म्हणायला मला त्यांच्या मनातलं कुठं माहीत होतं? कदाचित त्यांच्या डोक्यात मेंटेनन्स खरंच वेगळा असेल आणि जाहिरात मुलाने टाकली असेल.

दुसऱ्या मसुद्यात मी नको सांगितलेलं असूनही कलम घातलंच. वाचून पाहिलं तर सरकारी नोटीस वाटली. ज्यांच्या घरात अकरा महिने राहायचं, ज्यांना दिवाळीला फराळाचं ताट द्यायचं, त्यांच्याशी पहिला लेखी संवाद असा सुरू करणं मला बरं वाटेना.

तिसरा मसुदा पाठवला. तो जसाच्या तसा देते.

"नमस्कार काका. आज भेटून बरं वाटलं. घर आम्हाला आवडलं आहे आणि राहायला यायची इच्छा आहे. भाड्याबद्दल आमची समज लिहून पाठवते, चुकत असेल तर सांगा. जाहिरातीत भाडं 24,000 रुपये, मेंटेनन्ससकट असं होतं, त्याचा फोटो सोबत जोडला आहे. मागच्या सोमवारी फोनवर तुम्ही 24,000 च सांगितलं होतं. मंगळवारी आम्ही त्या आकड्यावर 5,000 रुपये टोकन पाठवलं. आज तुम्ही 26,500 म्हणालात. आम्ही तेव्हा बघून कळवतो म्हणालो होतो, होकार दिला नव्हता. आम्ही 24,000 रुपये मेंटेनन्ससकट आणि 75,000 डिपॉझिट यावर अ‍ॅग्रीमेंट करायला तयार आहोत. जी काही रक्कम ठरेल ती पूर्ण करारात असावी आणि आम्ही ती बँकेतूनच देऊ. हे जमत नसेल तर मनात काही न ठेवता बुधवारपर्यंत कळवा, म्हणजे आम्हाला दुसरं घर पाहता येईल. तसं झालं तर टोकन त्याच खात्यावर परत पाठवावं ही विनंती. काकूंना नमस्कार."

यात "ठरल्याप्रमाणे" हा शब्द मी मुद्दाम घातला नाही. बोटावर आला होता. पण काय ठरलं याचाच तर प्रश्न होता. "ठरल्याप्रमाणे" म्हटलं की समोरचा म्हणतो "असं ठरलंच नव्हतं", आणि गाडी तिथेच अडते. त्याऐवजी जे घडलं ते वारासह लिहिलं. मंगळवारी पैसे गेले, हे कुणी नाकारू शकत नाही.

"होकार दिला नव्हता" हे वाक्य मात्र ठेवलं. त्या वाक्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. भेटीतल्या आमच्या गप्प राहण्याचा अर्थ आम्हीच लावून देणं गरजेचं होतं, नाहीतर तो त्यांनी लावलेलाच होता.

रोखीच्या अडीच हजारांबद्दलची ओळ लिहिताना नवरा म्हणाला, हे नंतर बोलू. मी नाही म्हटलं. करारात चोवीस आणि हातात साडेसव्वीस, हे ऐकायला सोपं वाटतं. स्टँप ड्युटी वाचते, असं कारणही मुलाने जिना उतरताना सांगितलं होतं. म्हणून मी हिशोब करून पाहिला. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का लागतं, शिवाय परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ते त्या रकमेत मिळवतात. 24,000 गुणिले 11 म्हणजे 2,64,000, त्यात पाऊण लाखावरचे 7,500. यावर पाव टक्का म्हणजे सातशेच्या आत. भाडं 26,500 धरलं तर त्यात साधारण सत्तर रुपयांची भर पडते. शहरात नोंदणी शुल्क हजार रुपये, ते दोन्हीकडे सारखंच. म्हणजे अकरा महिन्यांत सत्तर रुपये वाचवण्यासाठी साडेसत्तावीस हजार रुपये कुठेही न लिहिता द्यायचे. नवरा जुन्या करपद्धतीत घरभाड्याची वजावट घेतो, वर्षाचं भाडं लाखावर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि रोखीतला आकडा त्या हिशोबात कुठेच बसत नाही. याहून मोठी गोष्ट अशी, की जे लिहिलेलं नाही ते कधीही वाढू शकतं. अडीचचे तीन झाले तर कोणता कागद दाखवणार?

आणखी एक आकडेमोड मला त्या रात्री अस्वस्थ करून गेली. करार वाढवताना वर्षाला पाच ते दहा टक्के वाढ मागायची आपल्याकडे पद्धत आहे. चोवीसवर दहा टक्के धरले तरी पुढच्या वर्षी 26,400 होतात. म्हणजे काकांनी सांगितलेला आजचा आकडा आमच्या पुढच्या वर्षीच्या भाड्यापेक्षा शंभर रुपयांनी जास्त होता. आणि साडेसव्वीसवर दहा टक्के चढले की 29,150. पाया एकदा वर गेला की पुढची प्रत्येक वाढ त्या वरच्या पायावर चढते. पगार मात्र तसा चढत नाही.

संदेश रात्री साडेदहाला पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. मग रात्रभर काही नाही.

हे सगळं करूनही घर हातचं जाऊ शकतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका घराबाबत असंच झालं होतं, तिथे अठराचे वीस झाले होते. मी तेव्हाही लिहिलं आणि अर्ध्या तासात उत्तर आलं, "आमच्याकडे दुसरी पार्टी आहे." ते घर गेलं. मालकाला तो हक्क आहे, करार होईपर्यंत तो नाही म्हणू शकतो. पण आमचं टोकन दुसऱ्या दिवशी विनातक्रार परत आलं, कारण पैसे कशापोटी दिले आणि व्यवहार का मोडला, हे दोन्ही एकाच संदेशात होतं. आमच्याच इमारतीतल्या एका मुलीचं टोकन अशाच प्रसंगात बुडालं. तिने भेटीत नाराज होऊन "मग नको आम्हाला" असं तोंडी सांगितलं होतं, आणि मालक म्हणाला, तुम्हीच माघार घेतलीत. आकडा कुणी बदलला हे दाखवायला तिच्याजवळ काही नव्हतं. मावसबहिणीने मला बजावलं ते यासाठीच, की नुसते स्क्रीनशॉट काढून मूळ संदेश पुसू नकोस. वेळ आली तर फोनमधला मूळ संदेश कामाला येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. मी ऑफिसात होते, उचलता आला नाही. एका परीने ते बरंच झालं, कारण मग त्यांनी लिहिलं. मोठा संदेश होता, एका दमात लिहिलेला, पूर्णविराम नसलेला. जाहिरात मुलाने टाकली होती. तेव्हा मेंटेनन्स 1,900 होता आणि तो भाड्यात धरूनच चोवीस लावले होते. गेल्या आठवड्यात सोसायटीचं पत्रक आलं, एप्रिलपासून 2,500 होणार, लिफ्टचं काम काढलं आहे. मुलगा म्हणाला मेंटेनन्स वेगळाच घ्या म्हणजे दरवर्षी कटकट नको. "मला वाईट वाटले तुम्ही फसवले असे समजू नये" हे त्यांचं शेवटचं वाक्य होतं. खाली पत्रकाचा फोटो होता.

मी ते पत्रक दोन-तीनदा वाचलं. साडेसव्वीस हा आकडा भेटीत आमच्यापुढे भिंतीसारखा आला होता. आता त्याच्या आतल्या विटा दिसत होत्या. मेंटेनन्स जाहिरातीत धरलेलाच होता. नवीन होते ते फक्त 600 रुपये. बाकीचे 1,900 आमच्याकडून दुसऱ्यांदा घेतले जात होते, आणि बहुधा कुणी नीट बेरीज-वजाबाकी केलेलीच नव्हती. आपण चोवीस लिहिले नसते तर काकांनीही हे कधी लिहिलं नसतं, असं मला वाटतं. तोंडी बोलण्यात "मेंटेनन्स वाढलाय हो" एवढंच आलं असतं, आणि किती वाढला हे विचारण्याची भीड आम्हाला पुन्हा पडली असती.

सहाशे रुपये हा त्यांचा खरा वाढलेला खर्च होता. काका निवृत्त आहेत, त्या भाड्यावर त्यांच्या घरातलं बरंच काही चालतं, हे बोलण्यातून कळलं होतं. आम्ही दोघांनी संध्याकाळी चर्चा केली आणि लिहिलं, "पत्रक पाठवल्याबद्दल आभार. वाढ 600 ची आहे हे समजलं. त्यातले 500 आम्ही घेतो. एकूण 24,500, यात मेंटेनन्स आला, पुढच्या अकरा महिन्यांत सोसायटीने आणखी वाढवला तरी हीच रक्कम. सगळं करारात आणि बँकेतून. चालेल का?"

उत्तरात "चालेल" आणि नमस्काराचे हात आले. मागून काकूंच्या नंबरवरून वेगळा संदेश आला, की ओट्यावरचा नळ गळतो तो बदलून ठेवते.

त्यानंतरचं काम एजंटचं. त्याने ऑनलाइन मसुदा भरून पाठवला. तो आम्ही अंगठे देण्याआधी ओळ न ओळ वाचला, कारण संदेशात ठरलेलं करारात उतरलं नाही तर करारच खरा. आणि पहिल्या मसुद्यात मेंटेनन्सच्या कलमात भरणारा म्हणून आमचं नाव पडलं होतं. एजंटच्या नेहमीच्या नमुन्यात तसंच असावं, कुणी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. पण भाडं 24,500 आणि वर मेंटेनन्स आमचा, असं झालं असतं तर आमचा सगळा पत्रव्यवहार त्या एका ओळीत वाहून गेला असता. मी काकांच्या "चालेल" चा संदेश एजंटला पुढे पाठवला, आणि त्याने दहा मिनिटांत दुरुस्त करून दिलं.

रविवारी सकाळी तो छोटं यंत्र आणि लॅपटॉप घेऊन काकांच्या घरी आला. त्याच सोफ्यावर आम्ही बसलो. काकांनी खिशातून चष्मा काढला, लावला, पडदा आपल्याकडे वळवून घेतला आणि मोठ्याने वाचलं, "रुपये चोवीस हजार पाचशे फक्त, देखभाल खर्चासह." मग माझ्याकडे पाहून मान हलवली. मीही हलवली.

त्यांचा अंगठा काही केल्या यंत्रावर उमटेना. एकदा, दोनदा, तीनदा लाल दिवा. एजंट म्हणाला, वय झालं की रेषा पुसट होतात. काकू स्वयंपाकघरातून आल्या, पदराने त्यांचा अंगठा कोरडा पुसला, आणि यंत्रावर स्वतःच दाबून धरला. चौथ्या वेळी हिरवा लागला.